कॅप्चर कार्ड मध्ये असूनही गेम मागे पडू नये म्हणून दोन स्क्रीनचं सेटअप कसं करायचं

माझ्या भाच्याने गेम स्ट्रीम करायला, म्हणजे कन्सोलचं चित्र लॅपटॉपमध्ये घ्यायला, कॅप्चर कार्ड घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला, "मामा, कार्ड खराब निघालंय, बटण दाबलं की प्लेयर उशिरा उडी मारतो, एक मॅच जिंकता येत नाहीये." मी जाऊन बघितलं तर कार्ड अगदी ठणठणीत होतं. कन्सोलची एचडीएमआय वायर कार्डात, कार्डाची यूएसबी लॅपटॉपमध्ये, लॅपटॉपवर ओबीएस हे स्ट्रीमिंगचं सॉफ्टवेअर उघडलेलं, आणि हा पठ्ठ्या ओबीएसच्या खिडकीत बघून गेम खेळत होता. कार्डाला मागे अजून एक एचडीएमआयचं भोक होतं, OUT असं लिहिलेलं, त्यावरचं प्लॅस्टिकचं झाकणसुद्धा काढलेलं नव्हतं. आणि त्याचा चांगला मॉनिटर बाजूला बंद करून ठेवलेला, कारण त्याला वाटलं की तो आता ओबीएससाठी वापरायचा.

ही चूक इतकी कॉमन आहे की त्याच्याच सेटअपवरून सगळं सांगतो. पीएस५ कन्सोल, एक मॉनिटर, एक लॅपटॉप, एक जुना जादाचा मॉनिटर, यूएसबी ३.० चं बाहेरून लावायचं कॅप्चर कार्ड, एक वेबकॅम आणि एक यूएसबी माइक. दुसरा कुठलाही कन्सोल असला तरी वायरी अशाच लागतात.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात बसवून घ्या, मग बाकीचं आपोआप समजतं. कॅप्चर कार्डात आलेलं चित्र दोन वाटांनी बाहेर जातं. एक वाट OUT मधून सरळ मॉनिटरकडे, तिला पासथ्रू म्हणतात. दुसरी वाट यूएसबीतून कॉम्प्युटरकडे. पासथ्रूमध्ये कार्ड चित्र साठवून वगैरे ठेवत नाही, आलेला सिग्नल तसाच पुढे सोडतं, त्यामुळे तिथे जो उशीर होतो तो मिलिसेकंदाच्याही आतला असतो, डोळ्याला काय, बोटाला पण कळणार नाही. यूएसबीच्या वाटेला मात्र उशीर होणारच. तो कमी करता येतो, शून्य करता येत नाही, कितीही महागाचं कार्ड घ्या. म्हणून तुम्ही खेळायचं पासथ्रूवर बघून, आणि यूएसबीवाली वाट ही फक्त प्रेक्षकांसाठी. प्रेक्षकाला तुमचं बटण कधी दाबलं गेलं ते माहीतच नसतं, त्यामुळे त्याला तो उशीर दिसतच नाही.

आता यूएसबीच्या वाटेवर उशीर नक्की कुठे होतो ते बघू. ६० एफपीएसच्या, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेमा येणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम म्हणजे साधारण १६.७ मिलिसेकंद. कार्ड एक अख्खी फ्रेम गोळा करतं, मग ती यूएसबीतून पाठवतं. कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर ती घेऊन एखाद-दोन फ्रेम हातात राखून ठेवतो, म्हणजे मध्ये अडखळलं तर चित्र तुटू नये. ओबीएस स्वतःच्या ठोक्याने चालतं, त्याचा पुढचा ठोका पडेपर्यंत फ्रेम वाट बघत बसते. मग विंडोज सगळ्या खिडक्या एकत्र करून स्क्रीनवर काढतं तेव्हा अजून थोडा वेळ जातो, आणि शेवटी स्क्रीनचा स्वतःचा उशीर असतोच. कुठलीच एक पायरी वाईट नाहीये, पण चार-सहा फ्रेमा अशाच साचतात आणि ७० ते १०० मिलिसेकंद सहज होतात. उडी मारण्याच्या किंवा नेम धरण्याच्या गेममध्ये एवढं भरपूर झालं.

वायरी कुठून कुठे

कन्सोलमधून निघालेली एचडीएमआय कार्डाच्या IN मध्ये. कार्डाच्या OUT मधून दुसरी एचडीएमआय थेट त्या मॉनिटरला ज्यावर तुम्ही खेळणार. कार्डाची यूएसबी लॅपटॉपला. आणि दुसरी स्क्रीन, म्हणजे ज्यावर ओबीएस आणि चॅट दिसणार, ती लॅपटॉपला लावायची, कार्डाशी तिचा काही संबंध नाही. भाच्याच्या केसमध्ये चांगला मॉनिटर OUT वर गेला आणि जुना मॉनिटर लॅपटॉपच्या एचडीएमआयला. विंडोजमध्ये Windows + P दाबून Extend निवडायचं, Duplicate नाही, म्हणजे लॅपटॉपच्या स्क्रीनवर सेटिंगच्या खिडक्या राहतात आणि जुन्या मॉनिटरवर ओबीएस आणि चॅट मोकळेपणाने पसरता येतं.

काही जण म्हणतात, लॅपटॉपला एचडीएमआय आहेच की, कन्सोल तिथेच लावू, कार्ड कशाला हवं. तसं होत नाही, लॅपटॉपवरचं ते पोर्ट बहुतेक सगळीकडे फक्त बाहेर चित्र सोडायला असतं, आत घ्यायला नाही. आत घ्यायचं काम कार्डच करतं.

अजून एक, बऱ्याच कार्डांना वीज यूएसबीतूनच मिळते. म्हणजे लॅपटॉप बंद असेल तर पासथ्रू पण बंद, मॉनिटरवर काहीच दिसणार नाही. स्ट्रीम न करता नुसतं खेळायचं असेल तेव्हा हे आठवणीत ठेवा, नाहीतर उगाच मॉनिटर बिघडला असं वाटतं.

कार्ड घेताना खोक्यावर दोन आकडे वेगवेगळे लिहिलेले असतात आणि बहुतेक जण मोठा आकडा वाचून खूश होतात. एक असतो पासथ्रूचा, एक असतो कॅप्चरचा. पासथ्रू ४के ६० असेल आणि कॅप्चर १०८०पी ६०, तर तुम्हाला ४के दिसणार आणि प्रेक्षकाला १०८०पी, आणि स्ट्रीमसाठी १०८०पी ६० खूप झालं. पण खोक्यावर नुसतंच ४के लिहिलंय आणि पासथ्रूचं भोकच नाही, अशी ती पेनड्राइव्हएवढी छोटी कार्डं येतात ना, त्यांच्यात ४के फक्त आत घेता येतं, कॅप्चर मात्र त्याहून खूप कमी होतं, आणि खेळायला सरळ वाट नाहीच. तुमच्याकडे असलं कार्ड आधीच असेल तर टाकून देऊ नका, त्याच्या आधी एक एचडीएमआय स्प्लिटर लावा: कन्सोल स्प्लिटरला, स्प्लिटरची एक वायर मॉनिटरला आणि दुसरी कार्डाला. स्प्लिटर पण सिग्नल साठवत नाही, तर उशीर तिथेही होत नाही. फक्त स्प्लिटर म्हणूनच मागा, स्विच मागू नका, स्विच म्हणजे अनेक मशीन आणि एक स्क्रीन, आपल्याला बरोबर उलटं पाहिजे.

मॉनिटर आणि कन्सोल एकमेकांशी काय बोलतात

मॉनिटर लावला की तो कन्सोलला स्वतःची ओळख सांगतो, मला एवढं रिझोल्युशन चालतं, एवढा रिफ्रेश रेट चालतो, आणि कन्सोल त्याप्रमाणे चित्र सोडतो. मध्ये कार्ड आलं की ही ओळख कार्डातून जाते. कार्डाला १२० हर्ट्झ झेपत नसेल तर तुमचा मॉनिटर कितीही चांगला असला तरी कन्सोल ६० वरच राहणार. एचडीआर आणि बदलत्या रिफ्रेशचं पण तेच, सगळी कार्डं ते पुढे सोडत नाहीत. म्हणून सेटअप झाल्यावर पीएस५ मध्ये Settings, मग Screen and Video, मग Video Output, मग Video Output Information उघडून बघायचं की कन्सोल नक्की काय सोडतोय. अंदाजावर राहू नका. १२० वर खेळणारा माणूस ६० वर आला की त्याला हाताला जड वाटतं आणि तो त्याला कार्डाचा उशीर समजतो, पण तो उशीर नाही, फ्रेमाच कमी येतायत.

मॉनिटरऐवजी टीव्ही असेल तर त्याचा गेम मोड चालू आहे ना ते आधी बघा. गेम मोड बंद असेल तर टीव्ही चित्र सुधारायच्या नादात स्वतःच इतका उशीर लावतो की पासथ्रू असून नसल्यासारखं होतं, आणि शिव्या कार्डाला पडतात. तपासायची सोपी पद्धत म्हणजे कार्ड काढून कन्सोल सरळ टीव्हीला लावा, तरी जड वाटलं तर दोष टीव्हीच्या सेटिंगचा.

पहिल्यांदा ओबीएसमध्ये कार्ड जोडलं की पीएस५ वर हमखास काळा पडदा येतो, कारण कॉपी होऊ नये म्हणून कन्सोल सिग्नलला कुलूप लावून सोडतो आणि कार्डाला कुलूपबंद चित्र कॅप्चर करता येत नाही. Settings, System, HDMI मध्ये Enable HDCP बंद करायचं. बंद केल्यावर सिनेमाची ॲप्स चालणार नाहीत, ती बघायची असतील तेव्हा परत चालू करायचं. ओळखायची खूण अशी की मॉनिटरवर चित्र छान दिसतंय आणि फक्त ओबीएस काळं आहे. दोन्हीकडे काळं असेल तर मग IN आणि OUT उलटे लागलेत का ते बघा, बहुतेक वेळा तेच निघतं.

उशीर डोळ्याने नाही, मोजून बघायचा

भाचा म्हणाला, "आता बरं वाटतंय." मी म्हटलं वाटतंय नको, मोजू. त्याच्या फोनमध्ये २४० एफपीएसचं स्लो मोशन होतं. खेळायचा मॉनिटर आणि ओबीएसची खिडकी एकाच चौकटीत येतील असे शेजारी ठेवले, फोन कशालातरी टेकवून स्थिर केला, गेमच्या मेनूमध्ये एका पर्यायावरून दुसऱ्यावर उडी मारली आणि शूट केलं. मग तो व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजायचं की मॉनिटरवर पर्याय बदलल्यापासून ओबीएसमध्ये बदलेपर्यंत किती फ्रेमा गेल्या. २४० एफपीएसमध्ये एक फ्रेम म्हणजे साधारण ४.२ मिलिसेकंद. आमच्या ३१ फ्रेमा भरल्या, म्हणजे जवळजवळ १३० मिलिसेकंद. पाच वेळा केलं, २९ ते ३३ च्या मध्ये येत राहिलं. एकदाच मोजून विश्वास ठेवू नका, स्क्रीन स्वतः १६.७ मिलिसेकंदानेच बदलते त्यामुळे थोडं मागेपुढे होणारच.

१३० जरा जास्त होतं. कारण सापडलं ते यूएसबीच्या वायरीत. कार्डाबरोबर आलेली वायर आखूड पडली म्हणून त्याने फोन चार्ज करायची टाइप-सी वायर लावली होती. दिसायला अगदी सारखी, पण अशा खूप वायरी आतून यूएसबी २.० च्याच असतात. आता हिशोब बघा. १०८०पी चं चित्र म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके, प्रत्येक ठिपक्याला २ बाइट, सेकंदाला ६० वेळा, झाले जवळपास २४९ मेगाबाइट दर सेकंदाला, म्हणजे साधारण २ गिगाबिट. यूएसबी २.० ची कागदावरचीच मर्यादा ४८० मेगाबिट आहे. चौपट माल त्या नळीतून जाणारच नाही, मग कार्ड काय करतं, चित्र दाबून एमजेपीईजी करून पाठवतं किंवा ३० एफपीएसवर उतरतं. दाबलेलं चित्र लॅपटॉपला परत उलगडावं लागतं, तिथे अजून वेळ. यूएसबी ३.० ची मर्यादा ५ गिगाबिट आहे, त्यात हे आरामात बसतं. काही कार्डं तर यूएसबी २.० वर चालायलाच नकार देतात, ते उलट बरं, निदान लगेच कळतं. आमचं कार्ड मुकाट्याने चालत राहिलं.

मूळची वायर लावली, लॅपटॉपच्या यूएसबी ३.० च्या पोर्टात, मध्ये हब नाही. कार्ड आणि वेबकॅम एकाच हबवर असतील तर दोघं एकाच नळीतून भांडत जातात, म्हणून वेबकॅम दुसऱ्या बाजूच्या पोर्टात. मग ओबीएसमध्ये कार्डाच्या सोर्सवर डबल क्लिक करून या गोष्टी बदलल्या:

```
Resolution/FPS Type: Custom
Resolution: 1920x1080
FPS: 60
Video Format: NV12
Buffering: Disable
```

Video Format मध्ये NV12 नसेल तर YUY2 घ्या, दोन्ही न दाबलेले आहेत. NV12 ला दर ठिपक्याला २ च्या जागी १.५ बाइट लागतात म्हणून ते थोडं हलकं जातं. यादीत फक्त MJPEG दिसत असेल किंवा ६० चा पर्यायच नसेल तर परत वायर आणि पोर्ट तपासा, सेटिंगमध्ये अडकून बसू नका. Buffering बंद केल्याने ओबीएस राखीव फ्रेमा ठेवत नाही, आली तशी दाखवतं. लॅपटॉप जुना असेल तर यामुळे चित्र अधूनमधून अडखळेल, तसं झालं तर सरळ Enable करा, कारण आता तुम्ही त्या खिडकीत बघून खेळत नाही आहात, तिथे थोडा उशीर वाढला तर काही बिघडत नाही, पण प्रेक्षकाला अडखळणारं चित्र लगेच दिसतं. हे मला खूप महत्त्वाचं वाटतं कारण लोक ओबीएसचा उशीर कमी करायच्या मागे लागून स्ट्रीम खराब करून घेतात.

परत मोजलं, १८ फ्रेमा, म्हणजे ७५ मिलिसेकंद. याच्या खाली त्या लॅपटॉपवर गेलं नाही आणि जायची गरजही नव्हती.

आवाज कुठून ऐकायचा

स्क्रीन नीट झाली आणि मग भाचा म्हणाला गोळीचा आवाज उशिरा येतोय. कारण त्याने हेडफोन लॅपटॉपला लावलेला आणि ओबीएसच्या मॉनिटरिंगमधून गेमचा आवाज ऐकत होता. चित्र सरळ वाटेने आणि आवाज लांबच्या वाटेने, मग जुळणार कसं. हेडफोन मॉनिटरच्या मागच्या ३.५ एमएमच्या भोकात लावायचा, पासथ्रूच्या एचडीएमआयमधून आवाज पण येतोच. कंट्रोलरलाही लावता येतो पण काही कन्सोल तसं केल्यावर एचडीएमआयवरचा आवाज बंद करतात आणि मग प्रेक्षकांना मूकपट दिसतो, म्हणून स्ट्रीम सुरू करायच्या आधी ओबीएसमध्ये कार्डाच्या आवाजाची पट्टी हलतेय का ते बघून घ्या. ओबीएसमध्ये त्या सोर्सचं मॉनिटरिंग Monitor Off ठेवा, नाहीतर एकच आवाज दोनदा, थोडा मागेपुढे ऐकू येईल. आणि ब्लूटूथ हेडफोन इथे चालणार नाही, त्याचा स्वतःचाच उशीर यूएसबीच्या वाटेएवढा किंवा त्याहून जास्त असतो.

प्रेक्षकाला सगळं एकाच वेळी दिसायला हवं

हा भाग बहुतेक जण सोडून देतात आणि मग प्रेक्षक म्हणतात की तू आधी ओरडतोस आणि मग गोळी लागते. तुम्ही पासथ्रूवर बघून लगेच ओरडता, माइक तो आवाज पटकन ओबीएसला देतो, गेमचं चित्र मात्र उशिरा पोचतं. वेबकॅमला तर स्वतःचा वेगळाच उशीर असतो. तिघेही वेगवेगळ्या वेळी पोचतात. इथे नियम साधा आहे, जो सगळ्यात मागे आहे त्याला पुढे ओढता येत नाही, बाकीच्यांना त्याच्यासाठी थांबवायचं.

मागे कोण आहे ते शोधायची एक पद्धत आहे जी मला फार आवडते. थोड्या वेळासाठी वेबकॅम स्वतःकडून फिरवून खेळायच्या मॉनिटरकडे तोंड करून ठेवा. आता ओबीएसमध्ये तुम्हाला एकच गेम दोनदा दिसेल, एकदा कार्डातून आलेला आणि एकदा वेबकॅमने मॉनिटर बघून टिपलेला. ६० एफपीएसवर रेकॉर्डिंग करा, मेनूमध्ये एकदा उडी मारा, आणि रेकॉर्डिंग कुठल्याही एडिटरमध्ये उघडून फ्रेमा मोजा. आमच्यात कार्डातलं चित्र आधी बदललं आणि वेबकॅमचं ३ फ्रेमांनंतर, म्हणजे वेबकॅम ५० मिलिसेकंद मागे. मग गेमच्या सोर्सवर उजवं क्लिक, Filters, तिथे Video Delay (Async) जोडून ५० टाकलं. गेमच्या आवाजालाही तेवढंच थांबवावं लागतं, ते ऑडिओ मिक्सरमधल्या Advanced Audio Properties मध्ये Sync Offset च्या रकान्यात. तुमच्याकडे उलटं निघालं, म्हणजे गेम मागे आणि वेबकॅम पुढे, तर तोच फिल्टर वेबकॅमला लावा आणि गेमला हात लावू नका.

मग वेबकॅम परत स्वतःकडे फिरवला आणि टाळी वाजवली, तळवे कॅमेऱ्यात नीट दिसतील अशी. रेकॉर्डिंगमध्ये आवाजाचा उंच टोक असलेला क्षण आणि तळवे भिडलेली फ्रेम यांच्यातलं अंतर मोजलं, आवाज ७ फ्रेमा आधी होता, म्हणजे सुमारे ११७ मिलिसेकंद. माइकच्या Sync Offset मध्ये ११७ टाकलं. दुसऱ्यांदा टाळी वाजवली तेव्हा आवाज आणि तळवे एकाच फ्रेमवर. वेबकॅम ३० एफपीएसचा असतो त्यामुळे एका फ्रेमेचं, म्हणजे ३३ मिलिसेकंदाचं मागेपुढे राहीलच, ते कोणाला जाणवत नाही.

हे करताना खोलीत तोच उजेड ठेवा ज्यात तुम्ही स्ट्रीम करता. अंधारात बरेच वेबकॅम स्वतःहून फ्रेमा कमी करतात, ३० चे १५ होतात, आणि उशीर वाढतो. दुपारी लावलेला आकडा रात्री चुकतो आणि माणूस ओबीएसला दोष देत बसतो. वेबकॅमच्या सेटिंगमध्ये एक्स्पोजर ऑटोवरून काढून हाताने लावलं की हा त्रास जातो.

स्ट्रीम दोन-तीन तास चालल्यावर गेमचा आवाज हळूहळू सरकतोय असं वाटलं तर कार्डाच्या सोर्सच्या प्रॉपर्टीजमध्ये Deactivate बटण आहे, ते दाबून परत Activate करा, साचलेलं सगळं मोकळं होतं. एक-दोन सेकंद चित्र जातं, म्हणून मॅच संपल्यावर करा.

शेजारी बसलेल्याला पण खेळायचं असेल तर

हे सगळं झाल्यावर भाच्याचा मित्र आला, दोघांना एकाच कन्सोलवर खेळायचं होतं आणि मित्राने ओबीएसमध्ये प्रोजेक्टर उघडून गेम जुन्या मॉनिटरवर मोठा करून घेतला. उजवं क्लिक करून सोर्सचा प्रोजेक्टर उघडता येतो, अख्खी स्क्रीन भरते, नुसतं बघणाऱ्यासाठी छान आहे. पण मित्र त्यावर बघून खेळायला लागला आणि सारखा हरायला लागला. ७५ मिलिसेकंद म्हणजे साडेचार फ्रेमा तो कायम मागे होता, प्रत्येक डावात, आणि त्याला वाटत होतं की आज आपला हातच चालत नाहीये. मला वाईट वाटलं कारण तो चांगला खेळतो.

दुसऱ्या स्क्रीनवर कोणी खेळणार असेल तर तिलाही सरळ वाट द्यावी लागते. कार्डाच्या OUT नंतर स्प्लिटर लावला, त्याची एक वायर चांगल्या मॉनिटरला, एक जुन्या मॉनिटरला, आणि ओबीएस, चॅट परत लॅपटॉपच्या स्वतःच्या स्क्रीनवर आणलं. इथे एकच अडचण आहे, स्प्लिटर दोघांनाही एकच चित्र देतो, त्यामुळे दोघांपैकी जो कमी क्षमतेचा तोच सगळं ठरवतो. जुना मॉनिटर १०८०पी ६० चा होता म्हणून चांगला मॉनिटरही १०८०पी वर आला. काही स्प्लिटर एका वायरीपुरतं चित्र लहान करून देतात, पण रिफ्रेश रेट बहुतेक दोन्हीकडे एकच राहतो, ६० आणि १२० एकत्र चालवायची अपेक्षा ठेवू नका. आणि जुन्या मॉनिटरला चित्र स्वतः लहान-मोठं करावं लागणार नाही असं, म्हणजे त्याच्या मूळ रिझोल्युशनचंच चित्र मिळालं तर बरं, काही मॉनिटर त्या लहान-मोठं करण्यातच एखादी फ्रेम घालवतात.

फोन परत टेकवला, दोन्ही मॉनिटर शेजारी, २४० एफपीएस, मेनूत उडी. यावेळी फरक १ ते २ फ्रेमांचा, म्हणजे ४ ते ८ मिलिसेकंद, तो दोन मॉनिटरांच्या आपापल्या स्वभावाचा. मित्राने तो व्हिडिओ दोनदा पुढेमागे करून बघितला, मग कंट्रोलर उचलला आणि पुढचे तीन डाव जिंकला.

एक राहिलं. दुसऱ्या स्क्रीनवर स्वतःचंच लाइव्ह स्ट्रीम ब्राउझरमध्ये उघडून ठेवू नका. तिथे जो उशीर असतो तो कार्डाचा नाही, व्हिडिओ सर्व्हरवरून फिरून येतो म्हणून काही सेकंदांचा असतो, आणि डोळ्याच्या कोपऱ्यात तोच गेम मागे चालताना दिसला की लक्ष खेचलं जातं. स्ट्रीम नीट जातोय का बघायचं तर ओबीएसच्या खालच्या पट्टीत Dropped Frames चा आकडा आहे, तो वाढत नसेल तर पाठवणं व्यवस्थित चाललंय. भाचा आता ओबीएसचा प्रीव्ह्यू पण बंद ठेवतो, प्रीव्ह्यूवर उजवं क्लिक केलं की Enable Preview असतं त्यावरची खूण काढायची. लॅपटॉपचा भार थोडा हलका होतो आणि स्क्रीनवर चॅटला जागा मिळते.